मानेतील शिरेचा दुहेरी उतार : पोटात पाणी झालेला एक खलाशी

खारेपाटवासी (धागाकर्ता)

मी रायगडच्या किनाऱ्यावरील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या आठवड्यात पाहिलेल्या एका रुग्णाबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 43, मासेमारी बोटीवर खलाशी. आठ महिन्यांपासून पोट वाढत आहे आणि दोन वेळा पोटातील पाणी काढून झाले आहे. तो दारू पितो हे त्याने स्वतःच सांगितल्यामुळे कागदांवर पहिल्यापासून ‘दारूमुळे यकृत खराब’ असेच लिहिलेले आहे, आणि यकृताच्या शिरांतील दाब कमी व्हावा म्हणून त्याला प्रोप्रॅनोलॉल 20 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे पोट आधी फुगले आणि पावलांची सूज पुष्कळ नंतर, तीही थोडीच आली. दुसरी म्हणजे काढलेल्या पाण्याच्या तपासणीत प्रथिने 3.8 ग्रॅम आहेत. रक्तातील अल्ब्युमिन 3.4 आणि पाण्यातील 2.0, म्हणजे फरक 1.4. हा फरक यकृताकडील शिरांत दाब वाढला असल्याचे सांगतो, परंतु सिरोसिसच्या पाण्यात प्रथिने सहसा अडीच ग्रॅमच्या खाली असतात.

म्हणून अडथळा हृदयाकडे आहे का हे पाहायला मान पाहिली. जुन्या कागदावर ‘जेव्हीपी नॉर्मल’, म्हणजे मानेच्या शिरेतील दाब नेहमीइतका, अशी नोंद होती. पाठीशी 45 अंशांचा उतार देऊन मलाही काही दिसले नाही. नंतर तो पाणी पिण्यासाठी उठून ताठ बसला तेव्हा उजव्या कानाची पाळी हलताना दिसली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मानेची शीर एकदा नव्हे, दोनदा आत ओढली जाते असे मला वाटते. नाडी 78, नियमित, रक्तदाब 100/70. हे मी नीट वाचले आहे का, आणि याचा अर्थ काय लावावा?

नवशिका_दापोली

मी सध्या इंटर्नशिप करतो आहे. कानाची पाळी हलते म्हणजे त्रिदली झडप गळत असणार. हृदयाचा खालचा कप्पा, म्हणजे जवनिका, आकुंचन पावताना रक्त झडपेतून मागे वरच्या कप्प्यात, म्हणजे कर्णिकेत येते, मानेत मोठी व्ही लहर उठते आणि झडप उघडल्यावर ती झपकन खाली येते. पोटातील पाणी आणि मोठे यकृत यांचाही त्यात उलगडा होतो. परीक्षेला आम्हाला हाच रुग्ण दिला होता.

सुरूबन

मी रत्नागिरीत चाळीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करून आता निवृत्त झालो आहे. नवशिका यांनी सांगितलेली झडपेची क्रिया बरोबर आहे, पण तिचा निष्कर्ष या रुग्णाला लागू होतो का ते अजून ठरलेले नाही. कानाची पाळी हलते याने दाब फार वाढला आहे एवढेच कळते. तो कशामुळे वाढला, हे शीर कोणत्या क्षणी वर येते आणि कोणत्या क्षणी खाली जाते यावरून ठरते.

पहिल्यांदा ‘नॉर्मल’ या नोंदीविषयी. मानेतील रक्तस्तंभाचा माथा जबड्याच्याही वर गेला असेल, तर 45 अंशांवर शीर नुसती भरलेली राहते, तिच्यात हालचाल दिसत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे काहीच नाही. माथा दिसला नाही तर रुग्णाला ताठ बसवावे, आणि तरीही दिसला नाही तर आडवे करून पाहावे. तुमच्या रुग्णाला तहान लागली हे बरे झाले. छातीच्या हाडावरील आडव्या उंचवट्यापासून माथ्यापर्यंतची उभी उंची मोजली का?

आता लहरी. निरोगी माणसाच्या मानेत मुख्यतः दोन चढ आणि दोन उतार असतात. कर्णिका आकुंचन पावते तेव्हा ए लहर उठते, आणि ती नाडीच्या ठोक्याच्या किंचित आधी येते. मग कर्णिका सैल होते, आणि त्याच सुमारास जवनिका आवळताना झडपेचे बूड खाली, हृदयाच्या टोकाकडे खेचते. कर्णिकेची जागा त्यामुळे एकदम वाढते आणि दाब पडतो. हा एक्स उतार. झडप अजून बंदच असते, पण शरीराकडून रक्त येतच राहते, म्हणून कर्णिका भरत जाऊन व्ही लहर चढते. शेवटी झडप उघडते, साठलेले रक्त जवनिकेत पडते आणि वाय उतार येतो. ही अक्षरे बर्नली येथे डॉक्टरकी करणाऱ्या जेम्स मॅकेंझी यांनी रूढ केली. नाडी आणि मानेची शीर यांचे आलेख एकाच कागदाच्या पट्टीवर काढून त्यांनी 1902 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांची सी लहर मी मुद्दाम सोडली आहे, कारण उघड्या डोळ्यांना ती सहसा दिसत नाही आणि तिच्या मागे लागून विद्यार्थी बाकीचे चुकवतात.

तुम्हाला करायचे आहे ते इतकेच. डाव्या बाजूच्या कॅरॉटिड धमनीवर हलके बोट ठेवा आणि नजर उजव्या मानेवर ठेवा. शीर वर येताना पाहण्याचा प्रयत्न करू नका. आपल्या डोळ्याला झटकन आत जाणारी हालचाल अधिक लवकर कळते. बोटाला ठोका लागतो त्याच क्षणी शीर आत जात असेल तर तो एक्स उतार आहे, आणि तो शाबूत असेल तर झडप मोठ्या प्रमाणात गळत नाही. झडप फार गळत असेल तर तेथे उताराऐवजी चढ दिसेल, म्हणजे बोट आणि शीर एकाच वेळी वर येतील. ठोका सरल्यानंतर जो उतार दिसतो तो वाय.

उघाडीवाला

मी वैद्य नाही, खारभूमीच्या बांधबंदिस्तीची कामे करणारा स्थापत्य अभियंता आहे. पण वाचताना मला आमची उघाडीच दिसत होती. बांधातील उघाडीची झडप ओहोटीला शेताकडील पाण्याच्या दाबाने उघडते आणि पाणी खाडीत जाते. भरती चढली की खाडीच्या दाबाने ती आपोआप मिटते. झडप कुजली किंवा तिच्यात ओंडका अडकला की भरतीचे खारे पाणी थेट शेतात शिरते. नवशिका म्हणतात ती गळकी झडप तीच. मात्र दोन उतारांचा प्रकार उघाडीत बसत नाही. झडप मिटलेली असताना शेतातील पाणी चढेल, उतरेल कसे?

सुरूबन

उघाडीवाला, शंका अगदी नेमकी जागा पकडून विचारली आहे. तुमची उघाडी बांधात पक्की बसवलेली असते. हृदयातील झडपेची चौकट मांसाची आहे आणि जवनिका दर ठोक्याला ती स्वतःकडे ओढते. झडप मिटलेली असतानाच जणू शेताचा तळ खाली सरकतो, म्हणून पाणी न सांडताही पातळी उतरते. तोच एक्स उतार. वाय उतार मात्र तुमच्या ओहोटीसारखाच आहे. झडप उघडते आणि पाणी निघून जाते.

बारीवाले_बुवा

नमस्कार. मी डबलबारीला उभा राहतो. वरच्या पट्टीत आलाप घेतला की माझ्या मानेच्या शिरा बोटाएवढ्या फुगतात आणि समोरची मंडळी घाबरतात. बीपी 150/90 आहे. हे माझ्या हृदयाच्या उजव्या बाजूचे लक्षण समजावे का? उगाच छातीत धस्स झाले.

सुरूबन

बुवा, गाताना तुम्ही गळा आवळून छातीतील हवा दाबून धरता. छातीतील दाब वाढल्यामुळे मानेचे रक्त आत उतरू शकत नाही आणि वरवरच्या शिरा फुगतात. आलाप संपून श्वास घेतला की त्या लगेच बसत असतील तर हा या धाग्याचा विषय नव्हे. दंडावर मोजलेला रक्तदाब हा धमन्यांचा. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी तुमच्या डॉक्टरांना अवश्य भेटा.

पण बुवांच्या प्रश्नामुळे एक गोष्ट खारेपाटवासी यांना सांगायला हवी. तुम्ही आता श्वास घेताना शीर कशी वागते ते पाहणार आहात. रुग्णाला ‘जोरात श्वास घ्या’ म्हटले की तो श्वास घेऊन गळा बंद करतो, आणि बुवांच्या शिरेप्रमाणे त्याचीही शीर फुगते. आपण त्यालाच विकार समजून बसतो. तोंड उघडे ठेवून सावकाश श्वास घ्यायला सांगा.

आबोली

विषयाला धरून आहे की नाही ठाऊक नाही, पण माझ्या आत्याला मागील वर्षी पेसमेकर बसवला. तेव्हापासून तिच्या मानेत मधूनमधून जोराचा ठोसा बसल्यासारखे होते. प्रत्येक ठोक्याला नाही, कधी चार ठोक्यांनी, कधी सात ठोक्यांनी. डॉक्टरांना सांगितले तर ते म्हणाले की मशीन उत्तम चालू आहे. तिला चक्करही येते. हाही शिरेचाच प्रकार असेल का?

सुरूबन

आबोलीताई, तुम्ही ‘प्रत्येक ठोक्याला नाही’ असे लिहिलेत, तेच महत्त्वाचे आहे. पेसमेकरची एकच तार जवनिकेत असेल, तर मशीन जवनिकेला आपल्या गतीने चालवते आणि कर्णिका तिच्या स्वतःच्या गतीने चालते. मधूनच दोघी एकदम आवळतात. अशा वेळी झडप मिटलेली असल्याने कर्णिकेचा सगळा जोर मानेकडे येतो आणि प्रचंड ए लहर उसळते. आम्ही तिला तोफेची लहर म्हणतो. मशीन ‘उत्तम चालू’ असतानाही हे होऊ शकते. खात्री मात्र ईसीजी आणि मशीनची तपासणी करूनच होईल. चक्कर येत असल्यामुळे ‘मानेत ठोसे बसतात तेव्हा तिचा रक्तदाब पडतो का’ हा प्रश्न घेऊन हृदयतज्ज्ञांकडे जा, आणि त्यात फार दिवस घालवू नका.

खारेपाटवासी

रुग्णाला आज पुन्हा बोलावले होते. पाऊस असल्यामुळे बोटी बंदरातच आहेत, म्हणून तो येऊ शकला.

ताठ बसवून मोजले तर उंचवट्यापासून माथा 16 सेंटीमीटर वर आहे. डाव्या कॅरॉटिडवर बोट ठेवून दहा मिनिटे पाहत होतो. पहिली चार-पाच मिनिटे काहीच समजले नाही, मग एकदम दिसू लागले. ठोक्याबरोबर शीर आत जाते. ती वर येते न येते तोच ठोका सरल्यावर दुसऱ्यांदा आत जाते, आणि हा दुसरा उतार पहिल्यापेक्षा खोल आणि तीव्र आहे. शीर कोणीतरी आतून हिसका देऊन ओढल्यासारखी जाते आणि तितक्याच चटकन परत भरते. तोंड उघडे ठेवून श्वास घ्यायला लावला, तर माथा खाली येण्याऐवजी कानाच्या पाळीमागे चढला. छातीवर नळी ठेवल्यावर दुसऱ्या ध्वनीनंतर लगेच एक जादा ठक् असा आवाज येतो, आणि तो याच दुसऱ्या उताराच्या तळाशी पडतो असे वाटले.

आणखी एक. नऊ वर्षांपूर्वी छातीत पाणी झाले म्हणून त्याने सहा महिने क्षयाची औषधे घेतली होती. हे त्याच्या बायकोने सांगितले, त्याने नव्हे.

नवशिका_दापोली

म्हणजे झडप गळत नाही, हे मान्य. मग हृदयावरणात पाणी भरले असेल. श्वास घेताना शीर फुगते म्हणजे कुसमौल चिन्ह, आणि ते हृदयाभोवती पाणी दाटल्याचे लक्षण असते ना?

सुरूबन

या दोन गोष्टींची गल्लत माझ्याही पिढीने केली आहे. कुसमौल यांनी 1873 मध्ये श्वास घेताना नाडी क्षीण होणे आणि श्वासाबरोबर मानेची शीर फुगणे अशा दोन्ही गोष्टी एकत्र वर्णन केल्या, त्यामुळे नावे एकमेकांत मिसळतात. हृदयाभोवती पाणी दाटले की नाडीचा तो बदल ठळक होतो. शीर फुगण्याचे चिन्ह तेथे सहसा नसते.

आणि हृदयाभोवती दाटलेले पाणी व आवळलेले हृदयावरण या दोघांना दुसरा उतार अगदी स्पष्टपणे वेगळे करतो. हृदयाभोवती पाणी दाटले असेल तर हृदय सर्व काळ दाबलेले असते. झडप उघडली तरी जवनिकेला पसरायला जागा नसते, म्हणून रक्त झपकन खाली उतरत नाही आणि वाय उतार पुसट होतो किंवा नाहीसा होतो. जवनिका आवळून रक्त बाहेर टाकते तेवढ्या क्षणापुरतीच जागा मोकळी होते, म्हणून एक्स उतार मात्र टिकतो.

हृदयावरण कातडे वाळून कडक व्हावे तसे आवळलेले असेल, आणि जुन्या क्षयाने असे होऊ शकते, तर गोष्ट निराळी होते. जवनिका आवळलेल्या अवस्थेत लहान असते, आवरणापासून दूर असते. झडप उघडताच ती चटकन पसरते आणि तुंबलेले रक्त धावत आत शिरते. तुम्ही पाहिलेला हिसका तो हाच. पण क्षणभरातच ती कडक आवरणाला आतून जाऊन भिडते आणि भरणे एकदम थांबते. तेथेच ठक् असा आवाज येतो आणि शीर पुन्हा भरते. श्वास घेताना छातीतील दाब उतरतो, पण तो या कवचातून आत पोचत नाही आणि उजवी जवनिका वाढीव रक्त घेऊ शकत नाही, म्हणून माथा चढतो.

तुमचे 16 अधिक नेहमीचे 5, म्हणजे 21 सेंटीमीटर पाणी, पाऱ्यात सुमारे 15 मिलिमीटर. ताठ बसल्यावर उंचवट्यापासून कर्णिकेपर्यंतचे अंतर पाचापेक्षा जास्त भरते, तेव्हा खरा दाब याहून थोडा अधिकच समजा. एवढा दाब यकृताच्या शिरांवर आठ महिने असेल तर पोटात प्रथिनयुक्त पाणी साचण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागत नाही.

एक गोष्ट आजच पाहा. असे हृदय एका ठोक्याला ठरावीकच रक्त टाकू शकते. जास्त हवे असेल तर त्याच्याकडे ठोके वाढवणे हाच मार्ग उरतो. प्रोप्रॅनोलॉल तोच मार्ग बंद करते. ज्यांनी ते सुरू केले त्यांच्याशी बोला.

खारेपाटवासी

बोललो. त्यांनी ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. जुना सोनोग्राफीचा अहवाल पुन्हा वाचला; त्यात ‘यकृतातील नीला व अधोमहानीला फुगलेल्या’ असे एक वाक्य आहे. सिरोसिसचे लेबल लावलेले असल्यामुळे त्या वाक्याकडे आमच्यापैकी कोणीच थांबून पाहिले नाही, आणि त्यात मीही आलो.

उघाडीवाला

एक विचारू का? मग केवळ मान पाहून ‘आवरण आवळले आहे’ असे ठरवून छाती उघडता येते?

सुरूबन

नाही. हृदयाचा स्नायूच कडक झाला असेल, आवरण नव्हे, तरी मानेत जवळपास हेच चित्र दिसू शकते; आणि उजव्या जवनिकेचा झटका आला असेल तरी श्वासाबरोबर शीर फुगते. हा फरक मानेवरून करणारे मी पाहिले आहेत, आणि ते चुकतानाही पाहिले आहेत. श्वासागणिक झडपांतून जाणारा प्रवाह बदलतो का आणि दोन्ही जवनिकांच्या मधला पडदा हेलकावतो का, हे इकोवर मुद्दाम पाहावे लागते. विनंतीपत्रावर ‘आवरण आवळल्याची शंका’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर आकुंचन चांगले आहे एवढे पाहून ‘नॉर्मल’ असा अहवाल येईल. बाजूने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये चुन्याची कड दिसली तर फार मदत होते; दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

खारेपाटवासी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. मुंबईत इको झाला. मधला पडदा श्वासाबरोबर हेलकावतो, आणि श्वास घेताना डाव्या झडपेतील प्रवाह बराच कमी होतो. सीटी स्कॅनमध्ये आवरण खालच्या बाजूला 5 मिलिमीटर जाड आहे आणि एका ठिकाणी चुना आहे. शल्यविशारदांना वाटते की आवरण काढावे. तेथील हृदयतज्ज्ञांचे म्हणणे आहे की आधी कॅथेटर घालून दोन्ही जवनिकांचे दाब एकाच वेळी मोजावेत, कारण स्नायूही थोडा खराब असण्याची शक्यता त्यांना पूर्णपणे सोडता येत नाही. क्षय अजून जागा आहे का, यावरही मतभेद आहेत.

नवशिका_दापोली

मी काल आमच्या वॉर्डात पोटात पाणी झालेल्या दोघांना ताठ बसवून पाहिले. एकाच्या मानेत माथा गळ्याच्या हाडाच्या वर आलाच नाही. दुसऱ्याच्या मानेत बोटाला ठोका लागला त्याच वेळी शीर वर आली. नाडी अनियमित आहे, आणि ए लहर कुठेच सापडली नाही. ती नसण्याचे कारण नाडीच आहे ना?

सुरूबन

होय. कर्णिका थरथरत असेल तर ती आवळतच नाही, मग ए लहर उठणार कुठून. या खेपेला झडप गळत असल्याची तुमची शंका रास्त आहे. त्याचे यकृत हाताखाली ठोक्याबरोबर फुगते का, ते पाहून येथे लिहा.